गाडी पाठवण्याआधीचे तीन कागद

"साहेब, आमची गाडी कोल्हापुरातच आहे. आंबे उतरवून सकाळपासून रिकामी उभी आहे. तासाभरात कारखान्यावर येईल, तेवढी साखर भरून द्या."

रत्नागिरीकडच्या घाऊक किराणा व्यापाऱ्याचा असा फोन कोल्हापूर, सांगली, सातारा भागातल्या साखर कारखान्याच्या विक्री विभागाला नवा नाही. व्यापाऱ्याचा हिशेब सरळ असतो. आंबा घेऊन घाट चढलेली गाडी रिकामी परत नेण्यापेक्षा साखर भरून नेली, तर परतीचे भाडे वाचते. पैसे आरटीजीएसने काल रात्रीच गेलेले असतात, गाडी घरची असते, ड्रायव्हर दहा वर्षांच्या ओळखीचा असतो. मग अडचण ती कसली?

विक्री विभागातला मुरलेला कारकून अशा वेळी गाडीला 'या' म्हणत नाही. तो म्हणतो, "शेठ, गाडी अजून हलवू नका. पैसे आलेत, पण बँकेची रिलीज ऑर्डर यायची आहे. तोवर तुम्ही गाडी नंबर आणि ड्रायव्हरचं नाव, लायसन, मोबाईल तुमच्या ऑफिसच्या मेलवरून पाठवा. गेटपास माल भरल्यावर इथेच मिळेल." एवढे चार वाक्यांत सांगून झाले की व्यापाऱ्याचा वेळ वाचतो. हे सांगायचे राहून गेले, तर तोच व्यापारी दुपारी कारखान्याच्या फाटकावर उभ्या असलेल्या आपल्या ड्रायव्हरशी फोनवर भांडताना सापडतो. माल माझा, पैसे माझे, गाडीही माझी, मग अडवणारे तुम्ही कोण, असा त्याचा सवाल असतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र फाटकावरच्या वॉचमनकडे नसते, ते गोदामाच्या कुलपात असते.

साखर कारखान्याचे धुराडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेटते आणि मार्च-एप्रिलपर्यंत विझते. साखर तयार होते चार-पाच महिन्यांत, खपते मात्र बाराही महिने. उसाचे पैसे तेवढे थांबू शकत नाहीत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस आल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी द्यावी लागते. उशीर झाला, तर वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज चढते. गोदामात थप्प्या लागलेल्या आहेत आणि हातात रोकड नाही, अशी कारखान्याची दर हंगामातली स्थिती असते. त्यावरचा उपाय म्हणजे मालतारण कर्ज. राज्य सहकारी बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक किंवा एखादी व्यापारी बँक साखरेचे मूल्यांकन करते आणि त्याच्या ठरावीक टक्के रक्कम उचल म्हणून देते. सोने तारण ठेवले की दागिना आपला असूनही सावकाराच्या तिजोरीत असतो, तसेच हे. साखर कारखान्याची, कारखान्याच्याच आवारात, पण तिच्यावर ताबा बँकेचा. बहुतेक ठिकाणी गोदामाला दोन कुलपे असतात. एक किल्ली कारखान्याच्या गोदामपालाकडे, दुसरी बँकेच्या माणसाकडे. भारतीय करार कायद्यातल्या १७२ व्या कलमात ज्याला तारण म्हटले आहे, ते इथे असे कुलपाच्या रूपाने दिसते.

रिलीज ऑर्डर म्हणजे हे दुसरे कुलूप उघडण्याचा बँकेचा लेखी हुकूम. अमुक गोदामातली, अमुक हंगामाची, अमुक प्रतीची इतकी पोती तारणातून मोकळी केली आहेत, ती या खरेदीदाराला द्यायला हरकत नाही, असे त्यात लिहिलेले असते. हंगाम आणि प्रत लिहिण्याला फार महत्त्व आहे. एस-३० आणि एम-३० या दाण्याच्या आकारावरून पडलेल्या प्रती आहेत. एस बारीक, एम मध्यम. दोघींचे दर वेगळे आणि मूल्यांकनही वेगळे. एस-३० ची ऑर्डर घेऊन एम-३० च्या थप्पीला हात लावता येत नाही, मग गोदामाच्या दारात दोन्ही शेजारी का असेनात.

रत्नागिरीच्या त्या व्यापाऱ्याचे उदाहरण आकड्यांत मांडून पाहू. त्याने एस-३० ची ५० किलोची १,००० पोती घेतली, म्हणजे ५०० क्विंटल. कारखान्यावरचा दर क्विंटलला ३,७०० रुपये धरला, तर मालाचे १८,५०,००० रुपये झाले. त्यावर पाच टक्के जीएसटीचे ९२,५०० मिळवून त्याने १९,४२,५०० रुपये भरले. आता त्या साखरेवर बँकेने क्विंटलमागे ३,००० रुपये उचल दिलेली असेल, तर आलेल्या रकमेतून १५ लाख आधी कर्जखात्यात वळते होतात. कराची रक्कम बाजूला निघते, राहिलेले साडेतीन लाख कारखान्याच्या वाट्याला. क्विंटलमागे आणखी काही रक्कम जुन्या कर्जापोटी कापून घेण्याचे ठरलेले असेल, तर तेही यातूनच जातात. सहकारी कारखानदारीत त्याला टॅगिंग म्हणतात. ही वळतावळत पुरी झाल्यावर बँकेचा अधिकारी रिलीज ऑर्डरवर सही करतो. व्यापाऱ्याच्या खात्यातून पैसे गेले आणि साखर मोकळी झाली, या दोन घटनांच्या मध्ये हा सगळा व्यवहार बसलेला असतो.

व्यापाऱ्याला सांगायचे ते हेच. "पैसे पोचले" आणि "माल सुटला" यांत अंतर आहे. डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस दिवसरात्र चालते, त्यामुळे शुक्रवारी रात्री अकराला पाठवलेले पैसे मिनिटांत पोचतात आणि यूटीआर नंबरही हातात पडतो. पण रिलीज ऑर्डरवर सही करणारा अधिकारी बँकेच्या वेळेतच बसतो. पुढचा दिवस महिन्यातला दुसरा किंवा चौथा शनिवार असेल, तर बँका बंद, त्यामागून रविवार. ऑर्डर निघणार सोमवारी, बहुधा दुपारपर्यंत. हे ठाऊक नसलेला व्यापारी शनिवारी सकाळी गाडी पाठवतो आणि ड्रायव्हर-क्लीनर दोन रात्री कारखान्याच्या तळावर काढतात. गाडीचा खोळंबा त्याचा, आणि घरी थांबलेले गिऱ्हाइकही त्याचेच. म्हणून जाणता कारकून यूटीआर नंबर मिळाला की लगेच सांगतो, "पैसे दिसले, ऑर्डर सोमवारी दुपारी धरा, मी हो म्हटल्यावरच गाडी काढा."

महिनाअखेरीला आणखी एक गाठ असते. कारखान्याने देशात किती साखर विकायची, याचा कोटा जून २०१८ पासून केंद्र सरकारचा अन्न विभाग दर महिन्याला कारखानानिहाय ठरवून देतो. त्याआधी २०१३ पर्यंत अशीच एक पद्धत होती, ती रंगराजन समितीच्या अहवालानंतर बंद झाली होती. जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी अजूनही सरकारी कोट्याला 'रिलीज' असा शब्द आहे आणि त्यातून घोटाळा होतो. "या महिन्याचा रिलीज आलाय ना?" असे व्यापारी विचारतो, कारकून कोट्याबद्दल "आलाय" म्हणतो, आणि व्यापारी समजतो आपली ऑर्डर निघाली. सरकारचा कोटा सगळ्या कारखान्याचा असतो, बँकेची रिलीज ऑर्डर एका सौद्याची. दोन्ही वेगळ्या आहेत, हे फोनवर स्पष्ट बोललेले बरे. कोटा त्या-त्या महिन्याचा असल्याने शेवटच्या तीन-चार दिवसांत उचल एकदम वाढते, काट्यावर रांग लागते आणि हमालांच्या टोळ्या कमी पडतात. घरची गाडी असलेल्या व्यापाऱ्याला हे आधी सांगितले, तर तो दोन दिवस अलीकडे येऊ शकतो. भाड्याच्या गाडीवाल्याला तेवढी मोकळीक नसते.

रिलीज ऑर्डर आली की कारखान्याचा विक्री विभाग डिलिव्हरी ऑर्डर काढतो. बोलताना सगळे तिला डी.ओ. म्हणतात. बँकेने माल सोडला, आता तो नेमका कोणाच्या हाती द्यायचा, हे डी.ओ. वर लिहिलेले असते. गाडी नंबर, ड्रायव्हरचे नाव, लायसन नंबर आणि मोबाईल यांची गरज इथे लागते, आणि व्यापाऱ्याला सगळ्यात जास्त राग येतो तो याच मागणीचा. "माझ्याच ड्रायव्हरचा आधार तुम्हाला कशाला?" असे तो विचारतो.

आधार खरे तर लागतच नाही. ओळख पटवायला लायसन पुरते, आणि एखाद्या कारखान्याने आधार मागितलेच, तर आधीचे आकडे झाकलेली प्रत द्यावी. लायसन मात्र हवेच, आणि त्यामागे भक्कम कारण आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचे ३९ वे कलम सांगते की खरेदीदाराकडे नेण्यासाठी माल वाहकाच्या हवाली केला की तो सकृद्दर्शनी खरेदीदारालाच दिल्यासारखा आहे. ड्रायव्हर खरेदीदाराचा स्वतःचा नोकर असेल, तर शंकाच उरत नाही. त्याने चलनावर सही केली की साखर शेठच्या ताब्यात गेली. तिथून पुढे आंबा घाटात गाडी घसरो, पावसात पोती भिजोत की वाटेत माल कमी होवो, जोखीम शेठची. कारखान्याचा विमा फाटकापर्यंत. म्हणजे ज्या सहीने सात लाखांची जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, ती सही करणारा माणूस खरोखर शेठचाच आहे, हे पटवून घेणे दोघांच्याही हिताचे. ड्रायव्हरच्या ओळखीची खात्री कारखाना स्वतःसाठी जेवढी करतो, त्याहून जास्त ती खरेदीदाराला राखते.

फसवणूक कशी होते ते पाहिले, तर हे आणखी पटते. व्यापाऱ्याचा सौदा झालेला आहे, पैसे भरलेले आहेत, हे बाजारात दलाल, हमाल, वाहतूकवाले अशा बऱ्याच जणांना कळलेले असते. मग विक्री विभागात एक फोन येतो: "अमुक शेठच्या दुकानातून बोलतोय, आधी सांगितलेली गाडी बिघडली, दुसरी पाठवतोय, नंबर लिहून घ्या." नंबर लिहून घेतला जातो, गाडी येते, भरते, जाते. संध्याकाळी खरी गाडी फाटकावर उभी राहते. पहिल्या गाडीची नंबरपाटी खोटी असते, ड्रायव्हरच्या लायसनची झेरॉक्स दुसऱ्याच कोणाची असते. त्यामुळे चांगले कारखाने एक साधा नियम पाळतात. गाडी किंवा ड्रायव्हर बदलल्याचा निरोप कोणाच्याही फोनवर स्वीकारायचा नाही. खरेदीदाराच्या नोंदवलेल्या मेलवरून किंवा लेटरहेडवर सहीशिक्क्यासह अधिकारपत्र यायला हवे, आणि ते आल्यावर कारकुनाने आपल्याकडे आधीपासून नोंद असलेल्या नंबरवर उलटा फोन करून विचारायचे. आलेल्या फोनवरच "खरं ना?" असे विचारून काही उपयोग नाही.

गेटवरही तपासणी डोळ्यांनी होते. लायसनवरचा फोटो आणि समोरचा माणूस पाहणे हे झालेच. लायसनचा नंबरही थोडे बोलतो. पहिली अक्षरे राज्याची, पुढचे दोन अंक आरटीओचे, म्हणजे एमएच ०८ असेल तर रत्नागिरी, ०९ असेल तर कोल्हापूर. त्यानंतरचे चार अंक लायसन निघाल्याचे वर्ष. विशीतला पोरगा १९९८ सालचे लायसन दाखवत असेल, तर विचारायला हवे. लायसन ट्रान्सपोर्ट गाडीचे आहे ना आणि मुदत संपलेली नाही ना, हे पाहायचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्ट लायसन पाच वर्षांचे असते. झेरॉक्सबद्दल शंका आली, तर एम-परिवहन किंवा डिजिलॉकरवर ड्रायव्हरच्या मोबाईलमधून खरी नोंद दिसते. गाडीच्या नंबरपाटीचा संशय असेल, तर आरसी बुकातला चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी जुळवतात. आणि सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे डी.ओ. वरच्या मोबाईलला गेटवरून रिंग द्यायची. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात फोन वाजला पाहिजे.

घरच्या गाडीबाबत आणखी एक गोष्ट आधी सांगायची राहते आणि फाटकावर वाद होतो. ती म्हणजे गाडीची अवस्था. सकाळी आंब्याच्या पेट्या उतरवलेली गाडी चालते, झाडून घेतली की झाले. पण किनाऱ्याकडची गाडी कधी मासळी वाहते, कधी मीठ, कधी डिझेलचे पिंप. हौद्याच्या फळ्यांना ओल असेल किंवा वास मारत असेल, तर गोदामपाल भरायला नकार देतो, आणि तो बरोबर असतो. साखर ओल धरते, पोत्याच्या तळाला गठ्ठे होतात, मग व्यापाऱ्याची तक्रार कारखान्याकडेच येते. धडक्या दोन ताडपत्र्या, एक खाली अंथरायला आणि एक वरून बांधायला, असे फोनवरच सांगून ठेवावे. मे महिन्याच्या शेवटी घाटात वळवाचा पाऊस कधी गाठेल, सांगता येत नाही.

आता गाडी आत येते. पहिले काम रिकाम्या गाडीचे वजन. या वेळी ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांनाही खाली उतरायला सांगतात, पाण्याचे कॅन, जादा चाक, दोरखंड जसेच्या तसे ठेवायला लावतात. कारण रिकाम्या वजनात लबाडी झाली, तर ती शेवटपर्यंत लपते. रिकाम्या गाडीत पन्नास किलोचे दगड ठेवून वजन केले आणि भरताना ते फेकून दिले, तर जाताना एक पोते जास्त गेले तरी काटा काही बोलत नाही. म्हणून पोती मोजणे आणि वजन करणे, दोन्ही करतात. हमालांचा मुकादम थप्पीजवळ मोजतो, कारखान्याचा माणूस गाडीजवळ मोजतो आणि बँकेचा गोदामपाल आपल्या वहीत लिहितो.

किती भरायचे, हे गाडीच्या पासिंगवर ठरते. २०१८ च्या जुलैत केंद्राने भारमर्यादा वाढवल्यानंतर तीन आसांच्या, म्हणजे दहा चाकी ट्रकला मालासकट एकूण २८.५ टनांची परवानगी आहे. आपल्या व्यापाऱ्याची गाडी दहा चाकी आहे आणि रिकामे वजन ९,६४० किलो भरले, असे धरू. तिच्यात ३६० पोती बसतात. भरलेल्या गाडीचे वजन आले २७,८६० किलो, फरक १८,२२० किलो. ३६० पोती गुणिले ५० म्हणजे निव्वळ साखर १८,००० किलो. वरचे २२० किलो हे तागाच्या बारदानाचे, पोत्यामागे सहाशे ग्रॅमच्या थोडे वर. हिशेब जुळला. फरक १८,२७० आला असता, तर गाडी बाजूला घेऊन पुन्हा मोजावी लागली असती, कारण तो जादाचा आकडा बरोबर एका पोत्याएवढा आहे. बारदान प्लॅस्टिकचे असेल, तर पोते खूपच हलके असते; काट्यावरच्या माणसाला हे आधी माहीत हवे, नाहीतर तो उगीच माल कमी भरला म्हणून गाडी थांबवतो.

काटा झाला की बिल आणि ई-वे बिल निघते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरच्या मालाला ई-वे बिल लागते. आपल्या गाडीत १८० क्विंटल साखर आहे, करासह ६,९९,३०० रुपयांची, म्हणजे लागणारच. कोल्हापूरहून रत्नागिरीचे अंतर दोनशे किलोमीटरच्या आत असल्याने त्याची मुदत एका दिवसाची. घरच्या गाडीने माल नेताना हे बिल खरेदीदारालाही काढता येते, पण काढायचे कोणी, हे आधी ठरले नाही, तर दोघेही काढतात किंवा दोघेही विसरतात. बहुतेक कारखाने स्वतःच काढतात, कारण बिल आणि काटा त्यांच्याच हातात असतो.

ई-वे बिलावर गाडीचा नंबर असतो, ड्रायव्हरचे नाव नसते. व्यापाऱ्याला समजावून सांगण्यासारखा हा बारकावा आहे. ऐनवेळी ड्रायव्हर आजारी पडला आणि त्याचा भाऊ गाडी घेऊन आला, तर बदलायचे कागद थोडे आहेत. नव्या माणसाचे अधिकारपत्र आले, उलट फोनवर खात्री झाली, डी.ओ. दुरुस्त झाली की काम पुढे सरकते. गाडीच बदलली, तर मात्र डी.ओ., काट्याची पावती, गेटपास आणि ई-वे बिलाचा दुसरा भाग, सगळीकडे नवा नंबर चढवावा लागतो. म्हणून "ड्रायव्हर बदलला तर कळवा, पण गाडी बदलली तर आधीच कळवा," असे सांगणारा कारकून आपले काम जाणतो.

वाटेत तपासणी झाली आणि नंबर चुकीचा निघाला, तर काय होते? गाडी नंबरातले एक-दोन आकडे टंकताना चुकले असतील, तर सप्टेंबर २०१८ च्या जीएसटी परिपत्रकाने अधिकाऱ्यांना सौम्य राहायला सांगितले आहे; केंद्राचे पाचशे आणि राज्याचे पाचशे अशा हजार रुपयांच्या दंडात सुटका होते. पण कागदावर एक गाडी आणि रस्त्यावर दुसरीच असेल किंवा ई-वे बिलच नसेल, तर १२९ व्या कलमाखाली माल अडतो आणि मालक पुढे आला तरी कराच्या दुप्पट दंड भरावा लागतो. आपल्या गाडीतल्या साखरेवरचा कर ३३,३०० रुपये, म्हणजे दंड ६६,६००. परतीच्या भाड्यात वाचवले त्याच्या कितीतरी पट.

गेटपास हा या साखळीतला शेवटचा कागद, आणि तोच व्यापाऱ्याला सगळ्यात किरकोळ वाटतो. आत येताना वॉचमन जी चिठ्ठी देतो तिला काही जण गेटपास समजतात. ती फक्त आत येण्याची नोंद. खरा गेटपास माल भरल्यानंतर निघतो आणि त्यावर गोदाम, काटा आणि विक्री अशा तीन विभागांच्या सह्या असतात. वॉचमनने पाहायचे एवढेच: गेटपासवरचा नंबर गाडीवर आहे का, पोत्यांचा आकडा बिलाशी जुळतो का, लायसनवरचा माणूसच स्टिअरिंगवर आहे का. वॉचमनला दर, कर्ज, कोटा यांतले काही कळण्याची गरज नाही, आणि त्याने "सोडा हो, ओळखीचे शेठ आहेत" यावर गाडी सोडायचीही नाही. संचालकांचा फोन आला तरी नाही. बऱ्याच कारखान्यांत गेटपासच्या तीन प्रती असतात. एक ड्रायव्हरकडे, एक गेटवर, एक लेखा विभागात. संध्याकाळी गेटवरच्या प्रती आणि गोदामाची वही समोरासमोर ठेवून त्या दिवशी गेलेली पोती मोजतात.

हे सगळे नियम नवशिक्या गिऱ्हाइकाला फोनवर सांगायला गेले, तर तो गोंधळेल. म्हणून काही विक्री विभाग सौदा झाल्या दिवशीच एक निरोप लिहून पाठवतात. त्याचा नमुना साधारण असा: "आपला एस-३० चा १,००० पोत्यांचा सौदा नोंदवला आहे. रक्कम जमा झाल्यावर बँकेची रिलीज ऑर्डर निघेल. ती निघाल्याचे आम्ही कळवू, त्याआधी गाडी पाठवू नये. आपली स्वतःची गाडी पाठवणार असल्यास गाडी नंबर, ड्रायव्हरचे नाव, लायसनची प्रत आणि मोबाईल नंबर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत नोंदवलेल्या मेलवरून पाठवावा. ड्रायव्हरने मूळ लायसन, आरसी व विम्याची प्रत सोबत ठेवावी. गाडी कोरडी, स्वच्छ आणि दोन ताडपत्र्यांसह असावी. गेटपास माल भरून वजन झाल्यावर गेटवर मिळेल. उचल ठरलेल्या मुदतीत न झाल्यास टेंडरच्या अटीप्रमाणे आकार लागेल." यात कुठेही "नियमानुसार कार्यवाही होईल" असले कोरडे वाक्य नाही. काय, कधी, कोणी आणि कुठून पाठवायचे, एवढेच आहे. "त्याआधी गाडी पाठवू नये" हे शब्द मात्र वगळता कामा नयेत. बाकी सारे वाचून विसरले जाते, एवढे लक्षात राहते.

सगळेच कारखाने असे चालत नाहीत. ज्या खाजगी कारखान्याची साखर तारण नाही, तिथे बँकेची ऑर्डर लागत नाही; त्याच्या जागी लेखा विभागाची 'पैसे जमा' अशी नोंद असते आणि थेट डी.ओ. निघते. काही ठिकाणी डी.ओ. लाच रिलीज ऑर्डर म्हणतात. शब्द बदलले तरी विचारायचे तेच: माल कोणी सोडला, कोणाला दिला, बाहेर काय गेले. नव्या कारखान्याशी पहिला व्यवहार करताना व्यापाऱ्याने हे तीन प्रश्न विचारून घेतले, तर कागदाचे नाव काय आहे याने त्याचे अडत नाही.

रत्नागिरीच्या व्यापाऱ्याचे १,००० पोत्यांचे काम एका खेपेत होणारे नाही. पहिल्या गाडीत ३६० गेली, दुसरीत ३६० जातील, तिसरीत २८०. रिलीज ऑर्डर मात्र एकच आहे. प्रत्येक खेपेनंतर बँकेचा गोदामपाल तिच्या मागच्या बाजूला तारीख, गाडी नंबर, गेलेली पोती आणि शिल्लक लिहून सही करतो. पहिल्या खेपेनंतर शिल्लक ६४०, दुसरीनंतर २८०. गेटपास दर खेपेला नवा, काट्याची पावती नवी, ई-वे बिल नवे. आणि दुसऱ्या खेपेला तीच गाडी, तोच ड्रायव्हर येणार असला, तरी मेल पुन्हा पाठवायचा, कारण मागच्या मेलने दिलेला अधिकार त्या दिवशीच्या ३६० पोत्यांपुरता होता.